नानांच्या निरोपाची चित्रफीत

३१ मे हा दिवस आला, की गावोगावच्या शाळांत, कचेऱ्यांत आणि एसटीच्या आगारांत हारांची गर्दी होते. याचे कारण गंमतीचे आहे. पूर्वी पुष्कळ घरी जन्माची तारीख कोणी लिहून ठेवीत नसे. पोराला शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख मांडून मोकळे होत. नोकरी ५८ व्या वर्षी संपते, आणि पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो. म्हणून कागदावरचे सगळे जूनकर ३१ मेला एकदम निवृत्त होतात.

समजा, सांगलीच्या आगारातले एक वाहक असेच निवृत्त होत आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी साताऱ्यास काढली, २०१२ साली ते सांगलीस आले. शाल, नारळ आहेच. पण भाषणाला सगळे सोबती येणार कसे? एकाची गाडी तेव्हा कराडात असेल, दुसरा मुक्कामाला गेलेला असेल. गाड्या काही थांबत नाहीत. म्हणून ज्याने त्याने मोबाइलवर थोडे बोलून पाठवायचे, आणि ते सारे जोडून पाच मिनिटांची चित्रफीत पडद्यावर दाखवायची असे ठरले. ती जोडण्यासाठी आधी कागदावर संहिता लिहावी लागते. संहिता म्हणजे काय दिसेल आणि काय ऐकू येईल, याचे टिपण. ते कसे करायचे, हे आपण पाहू या.

पहिली चूक होते ती निरोप मागताना. "नानांबद्दल दोन शब्द बोला," असे म्हटले की बाराही जण तेच बोलतात. नाना मनमिळाऊ, नाना हसतमुख, नानांना उदंड आयुष्य लाभो. बारा वेळा तेच ऐकून नानांनाही जांभई येईल. म्हणून आपण प्रश्नच वेगळा विचारायचा : "नानांनी एखाद्या दिवशी काय केले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल. तेवढेच सांगा." मोबाइल आडवा धरा, गाडीच्या आवाजापासून लांब उभे राहा, आणि वीस सेकंदांत संपवा, एवढ्या सूचना पुरेत. वीस सेकंदांचे बारा निरोप म्हणजे चार मिनिटे झाली. उरलेले एक मिनिट आपल्या निवेदनाचे. सावकाश बोलले तर मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. म्हणजे आपल्या वाट्याला शंभरच शब्द. ते जपून वापरायचे.

आता वीस सेकंद सांगितले, तरी माणसे तीन मिनिटे बोलतात. आपली माणसे ती! एका चालकाचा निरोप असा आला :

"नमस्कार मंडळी, मी काय बोलनारा न्हाई, पन बोलतो. नाना आनि मी लई वर्सं एका गाडीवर. पूर आला तवाची गोष्ट. पानी आगाराकडं चढाया लागलं. साहेबांनी सांगितलं, गाड्या मिरजंला न्या. माझी बायको फोन करत हुती, ती एक भानगडच. तर रातीचा अंधार, रस्ता दिसंना. नाना पुढं बॅटरी घिऊन चालत हुते, पायानं खड्डा चाचपत. मी त्यांच्या मागनं गाडी हाकली."

यातले काय ठेवायचे? 'पूर आला तवाची गोष्ट' येथून सुरू करा. साहेब आणि बायको दोघांनाही वगळा. 'रातीचा अंधार' येथून शेवटापर्यंत ठेवा. ध्यानात घ्या, बोललेल्या निरोपातून फक्त काढता येते, त्यात घालता येत नाही. चालकाच्या तोंडी आपले पुस्तकी शब्द घालू नयेत. 'हुते'चे 'होते' करायला जाऊ नये. कात्री लावायची ती माणूस श्वास घेतो तेथे. मध्येच कापले, तर चित्र हिसका देते. तो हिसका झाकायला वरून एक जुना फोटो दाखवावा. आवाज खाली चालूच राहतो.

याच रात्रीची गोष्ट कार्यशाळेतल्या एका कारागिरानेही सांगितली. नाना पहाटेपर्यंत घरी गेले नाहीत, ओल्या पायांनी आमच्यासाठी चहा घेऊन आले, असे तो म्हणाला. गोष्ट एकच, पण बाजू दोन. येथे एक निरोप टाकून देऊ नये. चालकाचा संपताच कारागिराचा लावावा, म्हणजे रात्र पुरी होते.

पण एक घोळ निघाला. कारागीर म्हणाला, हा २००५ चा पूर. कृष्णेला मोठे पूर २००५, २०१९ आणि २०२१ साली आले. माणसाच्या मनात ते मिसळतात. २००५ साली नाना तर साताऱ्यास होते! चालकाला विचारले, तेव्हा त्याने २०१९ चा ऑगस्ट सांगितला. तेच बरोबर. मग कारागिराच्या बोलण्यातले साल तेवढे कापायचे, आणि खरे साल आपल्या निवेदनात सांगायचे. पडद्यावर चुकीचे साल आले, तर नाना स्वतः पुटपुटतील आणि पुढचे दोन निरोप त्यांच्या कानावरच पडणार नाहीत.

आणखी एक निरोप नाजूक होता. एका सोबत्याने हसत हसत सांगितले, की एकदा नानांच्या हिशेबात पैसे कमी भरले आणि चौकशी लागली. शेवटी नाना निर्दोष ठरले. सोबत्याला थट्टाच करायची होती. पण समोर नानांची बायको, सून, नातवंडे बसणार. चौकशीच्या त्या महिन्यात घरी काय झाले असेल, ते आपल्याला ठाऊक नाही. आम्ही म्हणतो, हा निरोप घेऊ नये. त्या सोबत्याला तसे मोकळेपणाने सांगून दुसरी आठवण मागावी.

गाड्या धुणाऱ्या मावशी मात्र बोलायलाच तयार नव्हत्या. "मी काय बोलू, मला लिवता येत न्हाई." त्यांना विचारले, मुक्कामाची गाडी सकाळी परत आली की नाना काय करीत? त्या लगेच म्हणाल्या, "शिटाखालची केळाची सालं आदी गोळा करायचे. म्हनायचे, मावशी, झाडून झालंय, तुमी नुसतं पानी मारा." वीस सेकंदांच्या आतच झाले, आणि एकही शब्द कापावा लागला नाही.

आता कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे 'दिसते', उजवीकडे 'ऐकू येते' असे लिहा. पुराचा भाग असा होईल :

दिसते : पुराच्या पाण्याचा फोटो.
ऐकू येते : निवेदन. "ऑगस्ट २०१९. कृष्णा पात्राबाहेर आली होती."
दिसते : चालक.
ऐकू येते : "पूर आला तवाची गोष्ट..."
दिसते : कारागीर.
ऐकू येते : "पहाटेपर्यंत नाना घरी गेले नाहीत..."
दिसते : धुतलेली गाडी, मग मावशी.
ऐकू येते : निवेदन. "पूर रोज येत नाही. गाडी रोज येते." मग मावशी.

निवेदनाचे काम एवढेच : एका निरोपावरून दुसऱ्यावर पाऊल टाकायला मध्ये दगड ठेवणे. नानांची स्तुती निवेदकाने करू नये, ती सोबती करतीलच. सुरुवातीला साताऱ्याच्या जुन्या सोबत्यांना घ्या, कारण नोकरी तेथून लागली. साहेबांचा निरोप मधेच कुठे तरी बसवा. तो बहुधा लांब असतो.

संहिता झाली की ती घड्याळ लावून मोठ्याने वाचा. आमची पहिल्या वाचनाला सात मिनिटे भरली. मग दोन फोटो गेले, निवेदनातली चार वाक्ये गेली, आणि साहेबांचे एक मिनिट वीस सेकंदांवर आले. मावशींचा निरोप सर्वांत शेवटी नेला. त्यानंतर निवेदन ठेवले नाही. फक्त वाहकाच्या घंटीचे दोन टोल, गाडी सुटताना नाना देत तसे.