तिसऱ्या घंटेनंतरची बारा मिनिटं

नाटकांवर दर आठवड्याला यूट्यूबवर कार्यक्रम करायचं तुझं ठरलंय, म्हणून हे लिहितोय. मामाचं आयुष्य स्टुडिओत गेलं. त्यातलं तुला आत्ता लागेल तेवढंच सांगतो.

आधी ‘गीतमाला’ समजून घे. 1952 साली रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींची ‘बहनों और भाइयों’ ही हाक आली की घरातली माणसं रेडिओजवळ सरकायची. गाणी दर आठवड्याला बदलायची, पण वार, वेळ, हाक आणि ‘पायदान’ हा शब्द बदलत नसे. वरच्या पायरीवर कोणतं गाणं आहे, हे शेवटापर्यंत कळत नसे. म्हणजे ऐकणाऱ्याला कार्यक्रमाचा सांगाडा तोंडपाठ होता आणि त्यात आज काय भरलंय एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. ‘होम मिनिस्टर’मध्येही तेच होतं. भावोजी, खेळ आणि शेवटी पैठणी हे सगळं ठरलेलं, घर आणि त्या घरातली माणसं मात्र रोज नवी. तुझ्या कार्यक्रमात काय हलायचं नाही आणि काय दर वेळी हलायलाच हवं, याच्या दोन याद्या पहिल्यांदा कर. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

वार गुरुवार ठेव. शनिवार-रविवारच्या प्रयोगाला जायचं की नाही, याचा घरात विचार सुरू होतो तो गुरुवार-शुक्रवारी. सोमवारी तू कितीही सुंदर बोललीस तरी त्या बोलण्याचा तिकीटखिडकीशी संबंध उरत नाही. वेळ संध्याकाळी सातची घे आणि भाग आदल्या रात्रीच चढवून सातला उघडेल असा लावून ठेव. सात म्हणजे सातच. प्रेक्षकाची सवय घड्याळाला बांधलेली असते.

सुरुवातीसाठी तुझ्याकडे तयार सोनं आहे: तिसरी घंटा. नाटक पाहणाऱ्या मराठी माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तीनही घंटा घेऊ नकोस, फार वेळ जातो. पाहुण्याचं एखादं अर्धवट वाक्य पंधरा सेकंद, मग घंटा, पडदा सरकतो, नाव झळकतं, पाच सेकंदांत संपलं. घंटा खऱ्या नाट्यगृहात, परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित कर. तिच्यामागे किंचित प्रेक्षागृहाची कुजबुज असू दे. मग ती फोनच्या लहान स्पीकरवर ऐकून पाहा, कारण तिथे खर्जातले आवाज गळतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाने नुसत्या आवाजावरून ‘लागला वाटतं’ म्हटलं, तर सुरुवात जमली. ‘नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत’ हे कापून टाक. आज काय आहे ते त्या अर्धवट वाक्याने सांगून झालेलं असतं.

आता बारा मिनिटांची वाटणी. सुरुवातीची वीस सेकंदं गेली की थेट ‘एक प्रसंग’. सध्या चालू असलेल्या नाटकातला एकच प्रसंग नट उलगडून सांगतो: एन्ट्री कुठून, हशा कुठे येतो, तो आला नाही तर पुढचं वाक्य कसं घेतो. याला पाच मिनिटं. मग ‘विंगेतून’, अडीच मिनिटं: प्रकाशयोजनेवाला, नेपथ्य लावणारा, कपडेपट सांभाळणारी, रंगभूषाकार. इथे बोलणं थोडं आणि हात जास्त दिसू देत, कारण पाच मिनिटं एक चेहरा पाहून डोळे थकलेले असतात. त्यानंतर दोन मिनिटांत या शनिवार-रविवारचे प्रयोग: गडकरी, शिवाजी मंदिर, बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण, कुठे काय आणि किती वाजता. हे भरभर, पडद्यावर अक्षरांसकट. मग शंभर सेकंद प्रेक्षकांसाठी: मागच्या गुरुवारच्या प्रश्नाचं उत्तर आणि नवा प्रश्न. शेवटची तीस सेकंदं पुढचा पाहुणा आणि तुझं ठरलेलं एक वाक्य.

प्रयोगांची यादी सगळ्यात उपयोगाची, म्हणून ती आधी घ्यावी असं तुला वाटेल. तसं केलंस तर माणूस यादी पाहून उठेल. ती नेहमी एकाच जागी ठेव, म्हणजे घाईत असलेला माणूस सरळ तिथे जाईल. त्याला तेवढी मुभा असू दे. बाकीच्यांना शेवटापर्यंत धरून ठेवायचं काम प्रश्नाचं आहे. तुझ्याकडे पायदान नाही, पण मागच्या आठवड्यापासून राहिलेलं उत्तर आहे. प्रश्न पाठांतराचा नको. ‘या नाटकात दार डावीकडेच का ठेवलं असेल?’ असा विचार, ज्याच्यावर घरात दोन मतं पडतील.

प्रत्येक सदराची एक परीक्षा घे. कागदावर त्याचे दहा भाग लिही, नावानिशी: कोण, कशाबद्दल. ‘विंगेतून’ची यादी सहज वीसपर्यंत जाईल. एखादं सदर चौथ्यावरच अडलं, तर तो एका भागाचा विषय आहे, सदर नाही. त्याला एका भागात मोठं कर आणि साच्यातून काढ. हे चित्रीकरणाआधी करायचं, कारण सुरू केलेलं सदर सहाव्या आठवड्यात गुपचूप गायब झालं की लोक विचारतात.

साठा हा दुसरा मुद्दा. ‘एक प्रसंग’ आणि ‘विंगेतून’ यांचे तीन-तीन भाग नेहमी तयार हवेत. नटांचे दौरे असतात, घसा बसतो, प्रयोग ऐन वेळी लागतो. फक्त यादी आणि प्रश्नोत्तर बुधवारी कर. एका दिवसात दोन भाग घेतलेस तर कपडे बदल, आणि साठ्यातल्या भागात ‘काल’, ‘परवा’, ‘या पावसात’ असं बोलू नकोस. तो कधी लागेल हे तुला माहीत नसतं. नाटक बंद झालं तर मात्र तो भाग लावू नकोस, कितीही चांगला असला तरी. ‘सध्या चालू असलेलं’ हे तू प्रेक्षकाला दिलेलं वचन आहे.

बिघाड बहुधा फुगण्यातून होतो. पाहुणा रंगला की पाच मिनिटांची आठ होतात आणि संकलनाच्या टेबलावर तुला एकही वाक्य कापवत नाही. ते जास्तीचं वेगळा व्हिडिओ म्हणून रविवारी दे, पण गुरुवारची बारा मिनिटं बाराच ठेव. लांबी हासुद्धा ओळखीचा भाग आहे. माणूस भाजी फोडणीला टाकून तुला लावतो, त्याला अंदाज असतो.

प्रेक्षक कुठे सोडून जातात तो आलेख रोज पाहू नकोस, पाच भाग झाले की एकमेकांवर ठेवून पाहा. एकाच भागात ‘विंगेतून’पाशी घसरण दिसली, तर तो पाहुणा जमला नसेल. पाचही भागांत तिथेच पायरी पडत असेल, तर सदरात किंवा त्याच्या जागेत दोष आहे. हा आलेख आतली गळती दाखवतो. लोक परत येतात का, ते परतणाऱ्या प्रेक्षकांच्या आकड्यात वेगळं बघावं लागतं. एखादा भाग लाखभर लोकांनी पाहिला आणि परतणारे तेवढेच राहिले, तर तो पाहुणा मोठा होता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बदल करायचाच तर तेरा भागांनंतर. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. दूरदर्शनवर मालिका तेरा-तेरा भागांनी मंजूर व्हायच्या, आणि तो हिशेब मला अजूनही योग्य वाटतो. साचा अंगवळणी पडायला साधारण तेवढा वेळ लागतोच. तेव्हाही एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. घंटेला हात लावू नकोस. पहिले तीन भाग मात्र कुणालाच दाखवायचे नाहीत, ते माझ्याकडे पाठव. मी घड्याळ घेऊन बसतो.