डिलीट केलेली चॅट परत मिळते का?



मागच्या महिन्यात रत्नागिरीतल्याच एका आई भेटायला आल्या. नववीतल्या मुलाला कोणीतरी व्हॉट्सअॅपवर धमक्या देत होते. मुलाने घाबरून ती सगळी चॅट उडवून टाकली. आईचा प्रश्न सरळ होता, "सर, टीव्हीवर तर जुन्या चॅट बाहेर काढतात. मग आमची का नाही निघणार?"

त्यांना आठवत होता तो २०२० चा मुंबईतला अमली पदार्थांचा तपास. तेव्हा २०१७ च्या चॅट वाहिन्यांवर झळकल्या होत्या. पण फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये शिल्लक असलेली चॅट वाचणे वेगळे आणि पुसलेली चॅट परत आणणे वेगळे. हा फरक समजून घेऊ.

व्हॉट्सअॅपचे मेसेज अँड्रॉइड फोनमध्ये `msgstore.db` या फाइलमध्ये असतात. ही एक प्रकारची वही समजा. मेसेज डिलीट केला की अनेकदा लगेच मजकूर खोडला जात नाही, "ही जागा आता मोकळी" एवढीच खूण होते. नवा मेसेज त्या जागेवर लिहिला जाईपर्यंत जुनी अक्षरे तिथेच राहू शकतात. शेजारी `msgstore.db-wal` नावाची कच्ची वही असते, तिच्यातही जुनी पाने काही काळ सापडतात. तपासनीस हेच अवशेष शोधतो. मात्र त्यासाठी त्याला ही फाइल वाचण्याजोगी मिळायला हवी, आणि खरी अडचण तिथेच येते.

पहिली अडचण मेमरीची. फोनची फ्लॅश मेमरी म्हणजे असा फळा, ज्यावरची एकच ओळ पुसता येत नाही. पुसायचा तर एक मोठा भाग पूर्ण पुसावा लागतो. म्हणून फोन कामाचा मजकूर दुसऱ्या फळ्यावर उतरवतो आणि जुना फळा सवडीने कोरा करतो. कोणता मजकूर नको आहे हे फोनच मेमरीला कळवत असतो. हे काम आपण फोनला हात लावला नाही तरी आतल्या आत चालते. त्यामुळे चॅट उडवल्यावर फोन जितका वापराल, तितके अवशेष कमी होत जातात.

दुसरी अडचण कुलपाची. पूर्वी मेमरीची चिप काढून थेट वाचता येई. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये प्रत्येक फाइल कूटबद्ध असणे सक्तीचे झाले. तिची किल्ली तुमचा पिन आणि फोनच्या आतली एक गुप्त संख्या मिळून तयार होते. नुसती चिप काढली तर हाती अर्थहीन आकडे येतात. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ही किल्ली उपलब्धच नसते. आणि फॅक्टरी रीसेट केला तर किल्लीच नष्ट होते, मग अवशेष असले तरी ते वाचता येत नाहीत.

म्हणून आधी अवशेष नव्हे, प्रती शोधायच्या. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप ठेवते आणि साधारण मागच्या सात दिवसांचे बॅकअप जपते. आता हिशोब करा. धमकी सोमवारी संध्याकाळी आली आणि मुलाने मंगळवारी दुपारी ती उडवली, तर मंगळवार पहाटेच्या बॅकअपमध्ये ती असणार. सोमवारी रात्री अकरालाच उडवली असती, तर पहाटे बॅकअपमध्ये जायला काही उरलेच नसते. आणि पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलात, तर तो मंगळवारचा बॅकअपही जाणार.

त्या मुलाने चॅट दुपारी उडवली होती आणि आई दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` या फोल्डरमध्ये मंगळवारची फाइल होती. आम्ही ती उघडायचा प्रयत्न केला नाही. जुना बॅकअप परत आणायचा तर व्हॉट्सअॅप पुन्हा इन्स्टॉल करावे लागते आणि त्यानंतरचे मेसेज जातात. आम्ही आधी तो अख्खा फोल्डर संगणकावर उतरवून घेतला. मग आई फोन आणि ती प्रत घेऊन पोलिसांकडे गेल्या.

असा प्रसंग आलाच तर फोन वापरणे थांबवा, पण बंद करू नका. विमान मोडवर टाका, चार्जिंगला लावा. "डिलीटेड चॅट रिकव्हरी" म्हणवणारी अॅप टाकू नका. अॅप टाकणे म्हणजे मोकळ्या जागेवर नवे लिहिणेच, शिवाय साध्या अॅपला व्हॉट्सअॅपची फाइल वाचायची परवानगीच नसते. मग गटातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर तेच मेसेज आहेत का, हे विचारा. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते.

आणि मुलांना वर्गात एवढे नक्की सांगा: धमकी आली तर उडवायची नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि मोठ्यांना दाखवायचा, त्याच दिवशी.