पायांवरचे फोड आणि आत वळलेला केस



या वेळचा पाठ आरोग्याचा आहे. विषय थोडा संकोचाचा आहे, पण संकोचामुळेच आपल्या एका मुलीला चार महिने त्रास सहन करावा लागला. तिची व तिच्या आईची परवानगी घेऊन, नाव न देता, तिची हकिकत इथे सांगत आहे.

स्नेहसंमेलनात अकरावीच्या मुलींचे कोळीनृत्य होते. कोळी पद्धतीचे लुगडे गुडघ्यापर्यंतच असते, त्यामुळे पोटऱ्या उघड्या राहतात. आदल्या रात्री या मुलीने घरातला वडिलांचा जुना रेझर घेतला आणि साबण न लावता, कोरड्या पायांवर, खालून वर असा फिरवला. पाय गुळगुळीत झाले, नृत्यही छान झाले. तिसऱ्या दिवशी मात्र दोन्ही नडग्यांवर मोहरीएवढे लाल फोड उठले. काहींच्या मधोमध काळा ठिपका होता. आजी म्हणाल्या, "केसतोड झालाय." मुलीने सेफ्टी पिनने चार-पाच फोड उकरले, ते चिघळले. मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिले. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून ती ते लावतच राहिली. मलम थांबवले की फोड पुन्हा येत. दीड महिन्याने एका पायावर खाजणारे गोल चट्टे उठले, तेव्हा आई तिला गोंदियाला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या.

या हकिकतीत चार चुका आहेत: कोरडा रेझर, उलटी दिशा, पिन आणि मलम. एकेक समजून घेऊ.

फोड का येतो?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मला 'रोमकूप' हा शब्द आधी आठवतो. केस जिथून उगवतो ती त्वचेतली छोटी विहीर, असे समजा. केस या विहिरीतून तिरपा वर येतो.

आपण त्वचा ताणून, केसाच्या उलट दिशेने रेझर फिरवतो तेव्हा केस थोडा बाहेर ओढला जाऊन कापला जातो. ताण सुटला की त्याचे टोक त्वचेच्या खाली जाते. हे टोक कलम केल्यासारखे तिरपे आणि टोकदार असते. केस वाढू लागला की ते विहिरीच्या भिंतीतच घुसते. कधी केस बाहेर येतो, पण वळून पुन्हा त्वचेत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखी परकी वस्तू समजते, म्हणून तिथे सूज आणि लाली येते. म्हणजे सुरुवातीला बहुधा हा जंतूंचा रोग नसतो, आपल्याच केसाने केलेली जखम असते. आजींचा केसतोड वेगळा. त्यात जंतू शिरून पू होतो, तो मोठा व ठणकणारा असतो. नखाने किंवा पिनने उकरल्यास मात्र साध्या फोडाचाही केसतोड होऊ शकतो.

वॅक्सिंगमध्ये केस मुळापासून निघाला तर नवा केस काही आठवड्यांनी बारीक टोकाने येतो. विहिरीच्या तोंडावर मृत त्वचेचा थर साचला असेल तर त्याला बाहेर पडता येत नाही आणि तो आतच गुंडाळला जातो. पट्टी चुकीची ओढल्याने केस मध्येच तुटला, तरी हेच होते.

वेळेवरून फरक ओळखता येतो. वॅक्सिंगनंतर त्याच दिवशी आलेले बारीक लाल ठिपके ही नुसती जळजळ असते, ती एक-दोन दिवसांत जाते. शेव्हिंगनंतर दोन-चार दिवसांनी किंवा वॅक्सिंगनंतर एक ते तीन आठवड्यांनी आलेले, मध्ये काळा ठिपका किंवा केसाचे वेटोळे दिसणारे फोड आत वळलेल्या केसाचे असतात. आणि केस कधीच न काढता मांड्यांवर व दंडांवर खरखरीत दाणे असतील, घरात आई-मावशीलाही असतील, तर तो त्वचेचा अनुवंशिक स्वभाव आहे. त्याला युरिया किंवा लॅक्टिक अॅसिड असलेले लोशन नियमित लावणे पुरते.

फोड आले तर काय करावे?

पहिली गोष्ट, फोड पूर्ण बसेपर्यंत त्या जागी शेव्हिंग आणि वॅक्सिंग बंद. केस थोडा वाढला की बहुतेक वेटोळी आपोआप सुटतात. दुसरी गोष्ट, सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून, पिळून, दहा मिनिटे ठेवावे. दिवसातून दोन-तीन वेळा. त्वचा मऊ होते आणि केसाला वाट मिळते. वेटोळे त्वचेच्या वर स्पष्ट दिसत असेल तरच स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याच्या टोकाने ते हलकेच वर उचलावे. उपटू नये, कारण उपटला तर पुढचा केसही त्याच वाटेने अडकेल. जे दिसत नाही ते खणू नये.

जळजळ व खाज असेल तर थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लोशन पुरेसे आहे. टूथपेस्ट, लिंबू किंवा खाण्याचा सोडा लावू नये, त्याने त्वचा आणखी भाजते. तुरटीने किरकोळ कापल्याचे रक्त थांबते, पण अडकलेला केस त्याने बाहेर येत नाही.

अडकलेला केस सुटावा आणि नवा अडकू नये म्हणून उपयोगी पडते ते सॅलिसिलिक अॅसिड. ते विहिरीच्या तोंडावरचा मृत थर सैल करते. दोन टक्क्यांचे लोशन किंवा फेसवॉश पायांसाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते. आधी एका छोट्या जागी लावून एक दिवस पाहावे. शेव्हिंग किंवा वॅक्सिंगच्या दिवशी आणि चिघळलेल्या जागी लावू नये, चुरचुरते. ज्यांना अॅस्पिरिन चालत नाही त्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारून वापरावे. पिवळी टोके दिसत असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के उपयोगी पडते, पण त्याने टॉवेल आणि कपड्यांचा रंग उडतो. खरखरीत स्क्रब किंवा अक्रोडाच्या सालीची पूड मात्र सुजलेल्या त्वचेवर घासू नये.

ते मलम काय होते?

दुकानातून आणलेल्या मलमावर तीन नावे होती: एक जंतूंविरुद्ध, एक बुरशीविरुद्ध आणि तिसरे क्लोबेटासोल. हे तिसरे म्हणजे अतिशय तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड सूज लगेच दाबते, म्हणून दोन दिवसांत बरे वाटते, पण अडकलेला केस तिथेच राहतो. आठवडे-महिने लावल्यास त्वचा पातळ होते, ताणाच्या रेषा पडतात, आणि त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने गजकर्ण पसरते. आपल्या मुलीचे गोल चट्टे म्हणजे हेच गजकर्ण होते. मलमात बुरशीचे औषध असूनही ते झाले, कारण सोबतचे स्टेरॉइड त्याच्या विरुद्ध काम करत होते.

2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक लावण्याची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. त्वचारोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटनाही याविरुद्ध मोहीम चालवते. तरी अशी मलमे सहज मिळतात. म्हणून पालकांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसेल, तर लावू नये. फार दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावे, कारण त्रास उलटून येतो.

पुढच्या वेळी

केस काढायचेच असतील तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री घाई नको. शेव्हिंगसाठी स्वतःचा, नवी पाती असलेला रेझर घ्यावा. दुसऱ्याचा, अगदी आईचा किंवा बहिणीचाही, वापरू नये. रक्ताच्या सूक्ष्म थेंबातून कावीळ ब सारखे रोग पसरू शकतात. वसतिगृहातील मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे. आधी कोमट पाण्याने आंघोळ करावी, मग शेव्हिंग जेल किंवा फेस लावावा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, म्हणजे पोटरीवर साधारण वरून खाली, न दाबता रेझर फिरवावा. त्वचा ताणू नये, एकाच जागी पुन:पुन्हा फिरवू नये. पाच-सात वेळा वापरल्यावर पाती बदलावी. पाय थोडे कमी गुळगुळीत होतात, पण फोड कमी येतात. ज्यांना वारंवार फोड येतात त्यांनी ट्रिमरने केस अगदी बारीक करावे, त्वचेलगत कापूच नये.

वॅक्सिंगला केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले हवेत. वॅक्स केसाच्या दिशेने लावतात आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला समांतर, झटक्याने ओढतात. वर उचलून ओढली तर केस तुटतात. त्यानंतर एक-दोन दिवस घट्ट जीन्स किंवा लेगिंग घालू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि कापडाचे घर्षण दोन्ही त्रास वाढवतात, सुती सैल सलवार बरी. दोन-तीन दिवसांनंतर सॅलिसिलिक अॅसिड सुरू करावे, आणि साधे मॉइश्चरायझर रोज.

ताप आला, लाली पसरू लागली, फोड ठणकू लागला, घरात मधुमेह असलेल्या कुणाला असे झाले किंवा गोल खाजरे चट्टे दिसले, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आपली मुलगी आता बरी आहे. गजकर्णाचे औषध तिला कित्येक आठवडे घ्यावे लागले. जिथे पिन टोचली तिथे काळे डाग राहिले आहेत. आपल्या सावळ्या त्वचेवर सूज गेल्यावरही डाग मागे राहतो आणि फिका व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. फोड न उकरता बसले, त्या जागी डाग जवळजवळ नाही. तिने स्वतः मला दोन्ही पाय दाखवून हा फरक सांगितला.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पायांवर केस दिसले तर मैत्रिणी हसतील, म्हणून तिने त्या रात्री घाई केली होती. ही चूक तिची एकटीची नाही, आमचीही आहे. वेशभूषा आम्ही आठ दिवस आधी सांगितली आणि पर्याय दिला नाही. येत्या संमेलनापासून वेशभूषा महिनाभर आधी कळवू, आणि ज्या मुलीला हवे तिला लुगड्याखाली त्वचेच्या रंगाची लेगिंग घालता येईल. पायांवर केस असणे ही लपवण्याची गोष्ट नाही. काढावेत की नाही हे तिने ठरवावे, आणि काढले तर कसे, हे तिला आधी माहीत असावे.

– प्राचार्या