पहाटेचे स्वप्न : अनोळखी गल्ल्यांत वाट चुकते तेव्हा

आमच्याकडे वाचक भगिनी आपल्या तक्रारी सांगायला येतात, तेव्हा बोलता बोलता स्वप्नांचा विषय निघतोच. त्यातले एक स्वप्न अनेकांना पडते. आपण कुठेतरी निघालो आहोत, पण गल्ली ओळखीची नाही. एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जातो आणि फिरून त्याच जागी येतो. घर सापडत नाही, वेळ निघून चाललेली असते. छाती धडधडत जाग येते, तेव्हा बाहेर अजून उजाडलेले नसते. मग घरातले वडीलधारे म्हणतात, "पहाटेचे स्वप्न खरे होते." तेवढ्याने उरलासुरला धीरही जातो.

असे स्वप्न पहाटेच का आठवते, हे आधी समजून घेऊ.

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड तासाचा एक फेरा, असे चार-पाच फेरे रात्रीत होतात. प्रत्येक फेऱ्यात आधी शांत झोप येते आणि नंतर एक टप्पा असा येतो, की मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात. १९५३ साली शिकागोतील संशोधकांनी या टप्प्याची नोंद प्रसिद्ध केली. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने बहुतेक याच टप्प्यात पडतात. पहिल्या फेऱ्यात हा टप्पा काही मिनिटांचाच असतो. पहाटेकडे तो वाढत वाढत अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही जास्त जातो. त्यात नेमका गजर झाला, तर स्वप्न अर्धवट तुटते आणि लख्ख आठवते. रात्री पडलेली बाकीची स्वप्ने आपण विसरून जातो. पहाटेच्या स्वप्नाचे गूढ ते एवढेच. त्यात पुढचे भविष्य नसते.

या टप्प्यात मेंदूचा भीती-काळजीचा भाग जागा असतो, पण "हे खरे कसे असेल?" असे तपासणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. म्हणून गल्ल्या बदलत राहिल्या, पाटीवरची अक्षरे पालटली, तरी स्वप्नात आपल्याला शंका येत नाही. दिवसाची काळजी मात्र खरी असते. ती गल्ल्यांचे रूप घेऊन समोर येते.

आता एक उदाहरण पाहू. ओळख कळू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. वस्तीतली पंचवीस वर्षांची एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. दोनदा तिची संधी थोडक्या गुणांनी हुकली होती. ८०० मीटर धावण्याच्या सरावासाठी ती साडेचारला उठे, आणि अभ्यास करून झोपायला बारा वाजत. आठवड्यातून दोन-तीनदा तिला एकच स्वप्न पडे. हातात हॉलतिकीट आहे, परीक्षेचे केंद्र शोधते आहे, गल्ली संपत नाही, सगळी दारे बंद. आईला वाटले, पोरीला काही लागले. मुलीला वाटले, आपला रस्ताच चुकला, हे स्वप्न तेच सांगते आहे.

आम्ही तिला एक वही करायला सांगितली. रोज सकाळी चारच गोष्टी लिहायच्या : किती वाजता झोपले, स्वप्न दोन ओळींत, स्वप्नातली भावना एका शब्दात, आणि तीच भावना आदल्या दिवशी जागेपणी कधी आली होती. चौदा दिवसांत स्वप्न पाच वेळा पडले. त्यांपैकी चार वेळा आदल्या संध्याकाळी कोणीतरी "पुढे काय ठरवलंस?" असे विचारले होते. पाचव्या वेळी ती एक वाजता झोपली होती.

भावनेच्या रकान्यात आम्हाला "भीती" दिसेल असे वाटले होते. तिथे पाचही वेळा "लाज" असे लिहिले होते. वाचताना ती स्वतःच म्हणाली, "ताई, गल्लीत माणसं असतात, पण मी कुणालाच रस्ता विचारत नाही."

जागेपणीही तेच चालले होते. मैदानात तिला चांगले गुण होते, ती मागे पडत होती लेखी परीक्षेत. पण नेमके कुठे, हे तिने कोणाला विचारले नव्हते. शेजारच्या वस्तीतली एक मुलगी भरती झाली होती, तिच्याकडे जायला हिला संकोच वाटे. अखेर ती गेली. दोघींनी बसून जुने पेपर तपासले, तेव्हा गणितातच गुण जात असल्याचे दिसले. मग तिने घरात बसून ठरवले : आणखी एकच भरती द्यायची, तोवर सकाळी अर्धवेळ काम धरायचे आणि निकालानंतर पुन्हा विचार करायचा. कोणी विचारले तर सांगायला आता तिच्याजवळ एक उत्तर होते.

म्हणजे भरती सोड किंवा धर, असे स्वप्नाने काहीच सांगितले नव्हते. ती कुठे अडली आहे, एवढेच त्यातून दिसले. दुसऱ्या कोणाच्या अशाच स्वप्नात भावना वेगळी असेल, तर कारणही वेगळे निघेल. म्हणून स्वप्नांचे अर्थ छापलेली पुस्तके इथे कामाची नाहीत.

स्वप्न वारंवार पडत असेल, तर आणखी एक उपाय आहे. मानसोपचारात तो वापरला जातो. जागेपणी ते स्वप्न थोडक्यात लिहायचे, मग त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा आणि नवे स्वप्न रोज दिवसा दहा-पंधरा मिनिटे डोळे मिटून मनात पाहायचे. या मुलीने लिहिले : गल्लीत पिठाच्या गिरणीचा दिवा चालू आहे, मी विचारते, "मावशी, शाळा कुठं?" आणि मावशी कोपऱ्यापर्यंत सोबत येते. झोपही तिने अकरावर आणली. पुढच्या तीन आठवड्यांत स्वप्न दोनदा पडले. एकदा तिने स्वप्नात खरोखर एका माणसाला रस्ता विचारला. त्याने उत्तर दिले नाही, पण ती घाबरून उठली नाही.

हा उपाय सगळ्यांनी घरच्या घरी करू नये. घर पाडले जाणे, मारहाण, अत्याचार असा खरा प्रसंग स्वप्नात जसाच्या तसा येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाबाच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही वाईट स्वप्ने पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. रोजची दारू एकदम सोडल्यावर भयंकर स्वप्ने पडू लागली आणि हातही थरथरू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरातले म्हातारे माणूस जागेपणीच ओळखीच्या गल्लीत वाट चुकू लागले, तर ती गोष्ट स्वप्नाची नाही. स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात असू शकते, तपासणी लांबवू नये.

पुढे रस्ताच नाही, जगून काय करायचे, असे दिवसाही वाटू लागले, तर वही लिहीत थांबू नका. त्याच क्षणी घरात कोणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.