करार पाठवून आठवडा झाला, सही नाही. आठवण कशी करून द्यावी?

सही अडण्याचे कारण दर वेळी नकार नसते. मसुदा वकिलाकडे पडलेला असतो, नाहीतर ई-सहीच्या लिंकची मुदत संपलेली असते. म्हणून आधी लिंक तपासावी, मग मूळ ईमेललाच उत्तर देऊन करार पुन्हा जोडावा. घराच्या अंतर्गत सजावटीचे काम असेल तर मजकूर असा: ‘नमस्कार साहेब, ५ तारखेला पाठवलेला करार पुन्हा जोडला आहे. हप्त्यांच्या कलमाबद्दल काही शंका आहे का? शुक्रवारपर्यंत सही मिळाल्यास सोमवारी सुतारकाम सुरू करता येईल.’ मुदत कामाशी जोडली की तगादा वाटत नाही. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर फोन करावा. सहीविना काम मात्र सुरू करू नये. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार वागण्यातूनही संमती मानली जाऊ शकते, पण नेमक्या कोणत्या अटींना, हा वाद उरतोच.