रोजच्या लीजची गाडी आणि आरसीवरचं नाव

रहिमतपूरची, कोरेगावची पोरं पुण्याला टॅक्सी चालवायला निघतात तेव्हा पहिली अडचण डाऊन पेमेंटची असते. दीड-दोन लाख हातात नसतात. सिबिल कुठल्यातरी मोबाईलच्या नाहीतर बाईकच्या हप्त्यात बिघडलेलं असतं, त्यामुळे बँक दारात उभं करत नाही. मग कोणीतरी फ्लीटवाल्याचा नंबर देतो. डिपॉझिट भरा, रोजचं भाडं द्या, चार वर्षांनी गाडी तुमची.

मी अशीच सीएनजी वॅगन-आर घेतली होती. डिपॉझिट चाळीस हजार, रोजचे नऊशे. ॲपची कमाई आधी शेठच्या खात्यात, तिथून भाडं वळतं करून उरलेले मला. इन्शुरन्स, पासिंग आणि सर्व्हिसिंग त्यांच्याकडे. सीएनजी, टोल, पंक्चर माझ्याकडे. तीन दिवस भाडं थकलं तर गाडी जमा. गाडी गॅरेजला असली तरी भाडं चालूच. या अटी कडक होत्या, पण स्पष्ट होत्या आणि त्यांच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

गोम होती ती चार वर्षांनंतरच्या ओळीत. तोंडाने शेठ म्हणाले होते, "नावावर करून देतो, काळजी करू नका." कागदावर मात्र होतं, "मुदत पूर्ण झाल्यावर मालक वाहन हस्तांतरित करण्याचा विचार करू शकेल." विचार करू शकेल, म्हणजे नाहीही करणार. असल्या वाक्यावर कोर्टात काही मागता येत नाही, असं साताऱ्याच्या एका वकिलांनी मला नंतर दोन मिनिटांत सांगितलं.

आता हिशेब बघा. त्याच शेठकडे तीच गाडी नुसत्या भाड्याने साडेसातशेला मिळत होती. म्हणजे रोजचे दीडशे रुपये मी फक्त त्या वचनापोटी देत होतो. महिन्याचे साडेचार हजार. तीन वर्षांत हे १ लाख ६२ हजार होतात, आणि ते कुठेही माझ्या नावावर जमा होत नव्हते. पावती भाड्याची, रक्कम भाड्याची. शेठची बाजूही मांडतो. सहा लाखांच्या कर्जाचा चार वर्षांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी महिना साडेपंधरा हजारांच्या आत येतो. माझ्याकडून महिन्याला सत्तावीस हजार जात होते. मधल्या साडेअकरा हजारांत टॅक्सीचा इन्शुरन्स, पासिंग, सर्व्हिसिंग आणि त्यांचा नफा. धंदा म्हणून यात गैर काही नाही. फक्त माझ्या पैशातून त्यांनी बँकेचा हप्ता भरायला हवा होता.

तो त्यांनी भरला नाही. तिसरं वर्ष सरत असताना साताऱ्याकडे भाडं घेऊन निघालो, तर खेड-शिवापूर टोलनाक्यापुढे दोघांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. बँकेचे वसुलीवाले. कित्येक हप्ते थकले होते. पॅसेंजर उतरवून दुसऱ्या गाडीत बसवला आणि मी सगळ्या भाड्याच्या पावत्या मोबाईलवर दाखवल्या. त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, "दादा, तुमचं भाडं तुम्ही भरलंय. कर्ज त्यांचं आहे." कायद्याने त्याचं बरोबर होतं. आरसीवर मालक म्हणून शेठचं नाव, त्याखाली बँकेचं तारण, आणि माझं नाव त्या कार्डावर कुठेच नाही. शेठबरोबरचा माझा कागद बँकेला बांधत नाही. डिपॉझिट आजतागायत आलेलं नाही.

हे एखाद्या लहान शेठपुरतं नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली आणि बंगळूरुत ब्लूस्मार्टच्या इलेक्ट्रिक टॅक्सी अचानक थांबल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या जेनसोल या कंपनीकडून लीजवर होत्या, आणि गाड्यांसाठी काढलेलं कर्ज दुसरीकडे वळवल्याचं सेबीने १५ एप्रिलच्या आदेशात म्हटलं. तिथल्या ड्रायव्हरांना गाडी नावावर होण्याचं आमिष नव्हतं, पण कर्ज वर बिघडलं की खाली बसलेल्याचं काम थांबतं, हे तेच.

म्हणून आता गावाकडची पोरं विचारायला आली की मी आधी गाडीचा नंबर मागतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी कोणत्या बँकेकडे तारण आहे, इन्शुरन्स, फिटनेस आणि टॅक्स कुठपर्यंत आहे, हे दिसतं. हप्ते थकलेत का, हे तिथे दिसत नाही. त्यासाठी शेठकडून कर्जखात्याचं स्टेटमेंटच मागायचं, करार करताना एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी. ही अट करारात लिहून घ्यायची. स्टेटमेंट दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी मिळेल अशी आशा धरू नका.

दुसरं, जादाचे दीडशे रुपये कागदावर वेगळे काढा. "रोज साडेसातशे भाडं, दीडशे खरेदीपोटी जमा, गाडी नावावर झाली नाही किंवा बँकेने नेली तर जमा रक्कम डिपॉझिटसह परत," असं लिहा. शेठला हे मान्य नसेल तर साडेसातशेच द्या आणि गाडी भाड्याची समजून चालवा. ते दीडशे पोस्टात स्वतःच्या नावाने टाका. तेवढ्यात पुढे डाऊन पेमेंट उभं राहतं. सगळे व्यवहार यूपीआयने, नोंदीत तारखेसह. रोख दिलेलं वादाच्या वेळी कोणीच मानत नाही.

तिसरं, नावावर होणं म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्यावर तारण उतरतं. मग फॉर्म २९ आणि ३० वर गाडी आरटीओत तुमच्या नावावर होते. टॅक्सीचं परमिट वेगळं असतं, तेही परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीने बदलून घ्यावं लागतं; नाहीतर गाडी तुमची आणि धंदा करायला परमिट नाही, अशी गत होते. काही शेठ २९-३० वर आधीच सही करून देतात आणि पोरं ते कागद कपाटात जपून ठेवतात. तारण उतरलेलं नसेल तर त्या सहीला काही अर्थ नाही. करारात "विचार करेल" नको. "शेवटचं भाडं जमा झाल्यापासून तीस दिवसांत बँकेच्या एनओसीसह कागद देईल" असं हवं.

शेवटी इन्शुरन्स, कारण याकडे कोणी बघतच नाही. पॉलिसीत मालक-ड्रायव्हरसाठी पंधरा लाखांचं अपघात कवच असतं, पण ते आरसीवरच्या मालकाला. लीजवर चालवणारा मालक नाही, आणि पगारी ड्रायव्हर म्हणूनही कागदावर त्याची नोंद नसते. अपघातात गाडीचे पैसे शेठला मिळतील, तुमच्या घरी काही येईलच असं नाही. पगारी ड्रायव्हरचं कलम पॉलिसीत आहे का आणि ते तुम्हाला लागू होतं का, हे विमा एजंटकडून लेखी विचारून घ्या. लागू होत नसेल तर स्वतःच्या नावाची अपघात पॉलिसी काढा, आणि ती काढून झाल्यावरच चावी हातात घ्या.