एका ओळीचे उत्तर

ज्याला हल्ली सर्रास इंटर्नशिप म्हणतात त्याला आमच्या वडिलांच्या पिढीत उमेदवारी म्हणत, आणि बडोदे संस्थानच्या कचेऱ्यांत बिनपगारी उमेदवारी करून पुढे कारकून झालेले काही वृद्ध गृहस्थ मी बालपणी पाहिले आहेत. लेखी हुकूम हाती पडल्याखेरीज उमेदवाराला दप्तराला हातही लावू देत नसत, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत, आणि आम्ही पोरे त्या जुनाट शिस्तीला हसत असू. त्या हसण्याची फेड मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी करावी लागली.

बडोद्याच्या निजामपुऱ्यात, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत, आमची कॅलिब्रेशनची लहानशी प्रयोगशाळा आहे. माणसे मोजून सात. कारखान्यांतून प्रेशर गेज आणि तापमापक यायचे, आम्ही ते प्रमाणित साधनाशी ताडून पाहायचे आणि कोणत्या आकड्याला किती चूक आहे ते लिहून द्यायचे, एवढाच आमचा व्यवसाय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास एका विद्यार्थ्याची मेल आली. आमच्या ‘प्रतिष्ठित संस्थेत’ सहा आठवडे शिकण्याची त्याची इच्छा होती. तो तिसऱ्या वर्षाला होता. सोबत दोन पानी परिचयपत्र जोडले होते. मजकुराच्या दुसऱ्या परिच्छेदात आमच्या ‘जाहिरात क्षेत्रातील अभिनव कामगिरी’ची स्तुती होती. आम्ही जाहिरातीच्या क्षेत्रात केव्हा काय कामगिरी केली असा प्रश्न मला तेव्हाच पडावयास हवा होता, परंतु दिवसभराच्या कामाने मी थकलो होतो, आणि खोटे कशाला बोलू, त्या स्तुतीने थोडा सुखावलोही होतो. मी मोबाइलवरच उत्तर टंकले: ‘जरूर या, १५ मेपासून येऊ शकता.’ ही एक ओळ पुढे माझ्याच विरुद्ध साक्षीपुरावा म्हणून तीनदा वाचली जाणार होती, याची मला त्या क्षणी पुसटशीही कल्पना नव्हती.

१५ मे रोजी मुलगा आला. नम्र होता, हे मी आजही नाकारत नाही. परंतु त्याला काय काम द्यावे याचा विचार मी केलेला नव्हता, आणि आमचा जुना तंत्रज्ञ दर तासाने दारात येऊन ‘साहेब, आ छोकराने शुं आपवुं?’ असे विचारू लागला तेव्हा मी प्रत्येक वेळी ‘बघू दे त्याला, बसून बघू दे’ एवढेच उत्तर दिले. बघून बघून मुलगा कंटाळला. पहिल्या आठवड्यात पाच दिवस, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक, असे एकूण नऊ दिवस तो आला आणि नंतर निरोपही न देता दिसेनासा झाला. गेला तर गेला, असे म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला.

जुलैच्या अखेरीस नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यातून दूरध्वनी आला. आमचे अकरा वर्षांचे गिऱ्हाईक. तिथल्या इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख नेहमी हसतखेळत बोलणारे. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका औपचारिक होता की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ‘आमच्या बॉयलरच्या गेजचा दाखला तुम्ही कोणाकोणाला वाटता?’ त्यांनी विचारले. प्रकार असा घडला होता की आमचा उमेदवार त्याच कारखान्यात पुढील प्रशिक्षणासाठी मुलाखतीला गेला, आपण सहा आठवडे कॅलिब्रेशन केल्याचा अहवाल त्याने टेबलावर ठेवला, आणि त्या अहवालाच्या परिशिष्टात त्याने आमच्या बाकावर पडलेल्या एका प्रमाणपत्राचे मोबाइलने घेतलेले छायाचित्र जोडले होते, ज्यावर मुलाखत घेणाऱ्यांच्याच कारखान्याचे नाव, त्यांच्याच गेजचा क्रमांक आणि त्यांच्याच गेजची चूक ठळक दिसत होती. दहा किलोचा तो गेज आठ किलोच्या दाबाला ८.३ दाखवत होता. १.६ वर्गाच्या गेजला पूर्ण मापाच्या १.६ टक्के, म्हणजे दहा किलोवर ०.१६ किलो इतकीच चूक खपते. हा त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेर. असा गेज बॉयलरवर किती दिवस लागलेला होता, हा प्रश्न कोणत्याही कारखान्याला बाहेरच्या माणसाने विचारलेला आवडणार नाही, आणि इथे तर तो प्रश्न एका विद्यार्थ्याच्या बांधीव अहवालाच्या रूपाने त्यांच्या महाव्यवस्थापकांपुढे जाऊन पडला होता.

मी दूरध्वनी ठेवला आणि मेलच्या पेटीत माझी ती ओळ पुन्हा काढून पाहिली. मुलाने माझी फसवणूक केली, असे मी स्वतःला सांगू पाहत होतो. परंतु ‘इथले काही बाहेर नेऊ नये’ असे एक अक्षर मी त्याला लिहिलेले नव्हते, सांगितलेले नव्हते. आयएसओ/आयईसी १७०२५ या ज्या मानकाच्या नावाने आम्ही व्यवसाय करतो, त्याच्या ४.२ या कलमात गिऱ्हाइकाच्या माहितीची गुप्तता ही प्रयोगशाळेची जबाबदारी म्हणून घातलेली आहे, आणि प्रयोगशाळेच्या वतीने काम करणाऱ्या व्यक्तीही तिला बांधील आहेत. आमच्या सातही जणांकडून मी तसे लिहून घेतले होते. आठवा मनुष्य मेलमधून आला म्हणून तो माझ्या हिशेबात माणूसच धरला गेला नाही.

पुढचा अध्याय अधिक क्लेशकारक आहे. मी मुलाला जाब विचारणारी मेल पाठवली, तिचे उत्तर म्हणून वडिलांना घेऊन तो स्वतःच प्रयोगशाळेत आला. वडील म्हणाले, ‘अहो साहेब, पोरगं आहे, फोटो काढला असेल, पण तुम्ही सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट अजून दिलं नाही त्याचं काय? तुम्हीच “या” म्हणून लिहिलंय.’ आणि खिशातून माझ्या त्या ओळीची छापील प्रत काढली. नऊ दिवसांचा दाखला देतो, असे मी म्हणालो तर त्यांनी अप्रेंटिस कायद्याचे नाव घेतले. त्यानंतर चार दिवसांनी त्याच्या महाविद्यालयातील मार्गदर्शकांची मेल आली; तिच्याही तळाशी माझी ओळ उद्धृत होती. विद्यार्थ्याने मुळात कोणत्या संस्थेला काय लिहिले होते, हे त्या गृहस्थांनी एकदाही पाहिलेले नव्हते, आणि मी ती जाहिरातीची स्तुती त्यांना पाठवली तेव्हा त्यांनी उत्तर देण्याचे सौजन्य दाखवले नाही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढले, त्या शहरात हे घडले, याचे मला अधिक वाईट वाटते. पण ते असो.

कायद्यापुरते सांगतो, कारण धमकी ऐकून माझ्याही पोटात गोळा आला होता. १९६१ चा अप्रेंटिस कायदा हा नोंदवलेल्या कराराच्या अप्रेंटिसला लागू होतो. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर अप्रेंटिस घेण्याची सक्ती आहे, ४ ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. मेलने आलेला आणि कोणताही करार न झालेला विद्यार्थी त्या कायद्याचा अप्रेंटिस ठरत नाही. दाखल्यात खरे तेवढेच लिहावे, दिवस मोजून लिहावे, आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून हजेरीपटावर त्याची स्वतःची सही घ्यावी. माझ्याकडे सही नव्हती; आमच्या तंत्रज्ञाने दिनदर्शिकेवर हौसेने केलेल्या नऊ खुणा होत्या, त्यांनीच मला तारले.

या मेली उन्हाळ्याच्या तोंडावर का लोटतात, हेही समजून घ्यावे म्हणजे राग थोडा निवळतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पदवीच्या काळात ६०० ते ७०० तास इंटर्नशिप करावी अशी अपेक्षा आहे. मुलांना जागा हवी असते. ती देणारे मोठे कारखाने थोडे. म्हणून एकच मजकूर पन्नास पत्त्यांवर जातो आणि एखाद्या मजकुरात मागच्या संस्थेची स्तुती तशीच राहून जाते. अशी मेल आली तर रागावू नये आणि लगेच ‘या’ही म्हणू नये. उलट एक प्रश्न विचारावा: आमचे काम काय आहे असे तुम्हाला वाटते, आणि त्यातले काय शिकायचे आहे? दहांपैकी सात जण पुन्हा लिहीत नाहीत, असा माझा या वर्षीचा अनुभव आहे.

उरलेल्यांना मी आता जे उत्तर पाठवतो त्यात पाच गोष्टी असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती वाजता, विद्यावेतन आहे की नाही आणि असल्यास किती, काम कोणते आणि ते कोणाच्या हाताखाली, आणि महाविद्यालयाचे पत्र मार्गदर्शकाच्या नावासह आल्यावाचून व गुप्ततेच्या कागदावर सही केल्यावाचून आत बसता येणार नाही. मोबाइल दाराजवळच्या कपाटात. हे सगळे मेलमध्येच लिहावे, कारण पुढे वाचली जाते ती मेलच.

आणि काम खरोखर काढून ठेवावे. इथे माझा दोष होता, तो मी कबूल करतो. यंदा एका मुलीची मेल आली, तिच्यात स्तुती नव्हती, प्रश्न होता. तिच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पीटी१०० हा तापमापक बर्फाच्या पाण्यात ठेवला तर १०० ओहमऐवजी १००.५ दाखवतो, बर्फ खराब की तापमापक, असे तिने विचारले होते. मी उलट विचारले, तारा किती, दोन की तीन? दोन, म्हणाली. अंशाला सुमारे ०.३९ ओहम, म्हणजे तो अर्धा ओहम सव्वा अंशाहून जास्त चूक दाखवतो, आणि ती चूक बहुधा तापमापकाची नसून दोन तारांच्या स्वतःच्या रोधाची असते. तीन तारांनी जोडून पुन्हा पाहा, एवढे मी लिहिले. तिने पाहिले, आकडा १००.०४ वर आला, आणि तो तिने मला कळवला. तिला चार आठवडे बर्फाच्या बिंदूची तपासणीच दिली: रोज बर्फ ठेचणे, डिस्टिल्ड पाण्याने भिजवणे, दहा मिनिटांनी वाचन घेणे आणि नोंद करणे. नोंदवहीत गिऱ्हाइकाचे नाव कुठेच नाही. साधनेही आमचीच, जुनी, बाद झालेली.

नंदेसरीचे काम अजून येते. पूर्वी महिन्याला चाळीस गेज येत, आता बारा येतात, आणि आणणारा मनुष्य प्रत्येक दाखला तिथेच उभा राहून लिफाफ्यात बंद करून घेतो. मुलाचा नऊ दिवसांचा दाखला सही करून माझ्या खणात ठेवलेला आहे; न्यायला कोणी आलेले नाही.